सेव्हन-एट: दोन, दोन, तीन

सांगली-मिरजेकडे तबला शिकलेल्या मुलासमोर बँडमधल्या कुणी सेव्हन-एट, म्हणजे दोन-दोन-तीन अशा गटांत मोजायच्या सात मात्रा, ठेवलं, की त्याच्या हातातून सात मात्रांचा रूपकच बाहेर पडतो. ते साहजिकच आहे. मिरजेत कार्यालय असलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांसाठी हा ताल हातावर म्हणून घोटलेला असतो. पण रूपक तीन-दोन-दोन असतो, म्हणजे लांब विभाग आधी येतो. दोन-दोन-तीनमध्ये तो शेवटी येतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

दोन-दोन-तीनचं सर्वांत परिचित घर म्हणजे बल्गेरियातलं राचेनित्सा हे लोकनृत्य. नाचणाऱ्याच्या पायात सात मात्रा नसतात, तीनच ठोके असतात: आखूड, आखूड, लांब. युरोपातल्या स्वरलेखनाला मात्र समान ठोक्यांची सवय होती. हे ठोके मुळातच असमान आहेत, ही गोष्ट दोब्री ख्रिस्तोव्ह यांनी 1913 मध्ये आणि वासिल स्तोइन यांनी 1927 मध्ये व्यवस्थित मांडली. बेला बार्टोक यांनी 1938 मध्ये त्याला ‘बल्गेरियन लय’ म्हणून व्याख्यानाचा विषय केलं. त्यांच्या ‘मिक्रोकॉसमॉस’ या पियानोच्या पाठमालेत अशा लयीतल्या रचना आहेत, त्यामुळे ही मोजणी गावच्या नाचातून शिकवणीच्या खोलीत आली.

आता तोंडाने मोजणं. एक ते सात सरळ मोजू नये. मराठीत या आकड्यांपैकी ‘सहा’ एवढाच दोन अक्षरांचा उच्चार मागतो, आणि तो नेमका शेवटच्या तिनाच्या मधोमध येतो. लय वाढली की तिथे जीभ अडखळते. ‘एक दोन, एक दोन, एक दोन तीन’ हे बरं. त्याहून चांगलं म्हणजे कर्नाटक पद्धतीतलं ‘तक तक तकिट’. यात प्रत्येक गटाचं पहिलं अक्षर आपोआप जोरात पडतं. रूपकाचा ठेका चौथ्या मात्रेपासून म्हटला तरी ‘धीं ना, धीं ना, तीं तीं ना’ अशी हीच विभागणी मिळते. पण मी तो मार्ग सुचवत नाही. कान ‘तीं’वर सम शोधत राहतो आणि पहिला ठोका फिका पडतो.

चूक दोन तऱ्हांनी होते. शेवटचा तीन लांबून चार होतो आणि आठ मात्रांचा केरवा सुरू होतो, किंवा तो आक्रसून दोन होतो आणि सहाच मात्रा उरतात. वाजवणाऱ्याला हे बहुधा कळतच नाही, म्हणून मेट्रोनोम दर दोन मात्रांना एक टिक असा लावावा. बरोबर मोजत असाल तर पहिल्या आवर्तनात टिक पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेवर पडेल. दुसऱ्या आवर्तनात ती दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या मात्रेवर जाईल आणि तिसऱ्यात पुन्हा समेवर येईल. प्रत्येक आवर्तनात टिक समेवरच पडत असेल, तर तुमचे सात राहिलेले नाहीत, त्यांचे आठ किंवा सहा झाले आहेत.