सत्तर टक्के वेटेज म्हणजे सत्तर टक्के जोर नव्हे

वेटेज म्हणजे काय, हे दहावी झालेल्या कुणालाही सांगायला नको. लेखी ८०, अंतर्गत २०, बेरीज १००. जाहिरातींच्या स्कोअरकार्डात हेच चालतं. ऑर्डरमागचा खर्च, क्लिकचं प्रमाण वगैरे आकडे घ्यायचे, प्रत्येकाला टक्के द्यायचे आणि शेवटी एक स्कोअर काढायचा. हे सगळ्यांना येतं, म्हणून पुढे जातो.

माझं डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याला. "खर्चाला ७० टक्के वेटेज दिलंय, म्हणजे निकाल मुख्यतः खर्चावरच लागणार." असं होत नाही. वेटेज आपण कागदावर लिहितो. निकालावर प्रत्यक्ष जोर कुणाचा चालणार, हे त्या आकड्यात एका जाहिरातीपासून दुसरीपर्यंत किती फरक आहे त्यावर ठरतं. दहावीचंच बघा. अंतर्गतच्या वीसपैकी सगळ्या वर्गाला अठरा-एकोणीस मिळाले, तर पहिला नंबर लेखीतच ठरतो. कागदावर अंतर्गतला वीस टक्के असले तरी नंबर लावताना ते जवळपास शून्य असतात. तिथे हे सगळ्यांना कळतं. जाहिरातीत का कळत नाही, देव जाणे.

गेल्या हंगामात रत्नागिरीजवळच्या एका बागायतदारांच्या हापूसच्या पेट्यांसाठी इन्स्टाग्रामवर तीन जाहिराती चालू होत्या. एक उघड्या पेटीचा साधा फोटो, दुसरी बागेत आंबे उतरवतानाचं रील, तिसरं 'देवगड की रत्नागिरी' या भांडणावरचं विनोदी रील. स्कोअरकार्ड दुसऱ्या एका एजन्सीने बनवलं होतं. ऑर्डरमागच्या खर्चाला ७०, क्लिकच्या प्रमाणाला ३०. उद्दिष्ट ऑर्डरमागे २०० रुपये आणि १ टक्का क्लिक. एक्सेलमध्ये बी रकान्यात खर्च, सी रकान्यात क्लिकची टक्केवारी आणि पुढे हे सूत्र:

```
=70*200/B2+30*C2/1
```

हिशेब सोपा जावा म्हणून आकडे गोल करतो. फोटोची ऑर्डर १८० रुपयांना पडत होती, क्लिक ०.९ टक्के. बागेच्या रीलची २०० रुपयांना, क्लिक १.२. विनोदी रीलची २५० रुपयांना, पण क्लिक २.४. माणसं हसायला यायची, पेटी घ्यायला नाही. सूत्रातून स्कोअर आले ते असे: फोटो १०४.८, बाग १०६, विनोदी १२८.

सगळ्यात महाग ऑर्डर आणणारी जाहिरात पहिली, तेही खर्चाला ७० टक्के दिलेले असताना. बागायतदार काका मला म्हणाले, "अहो, माझे पैसे जास्त जातायत तिथेच तुम्ही अजून घालायला सांगताय?" ५०,००० रुपये फोटोवर घातले तर साधारण २७७ ऑर्डर, विनोदी रीलवर २००. काकांचं बरोबर होतं, चूक स्कोअरची होती.

कारण वजाबाकीत सापडतं. खर्चातून मिळालेले गुण फोटोला ७७.८ आणि विनोदी रीलला ५६, म्हणजे दोघांत जवळजवळ २२ गुणांचं अंतर. क्लिकमधून मिळालेले गुण २७ आणि ७२, म्हणजे अंतर ४५. कागदावर तीस टक्के असलेला आकडा सत्तरवाल्याच्या दुप्पट ओढत होता, कारण क्लिकचं प्रमाण सहज अडीच-तीन पट होतं आणि ऑर्डरचा खर्च तितका हलत नाही. याच पत्रकात फोटोला पहिला आणायचा, तर खर्चाला ८३ टक्के वेटेज द्यावं लागतं. हा आकडा कुठल्याही मीटिंगमध्ये कुणी सुचवला नसता.

म्हणून स्कोअरकार्ड हातात आलं की माझं पहिलं काम हेच. प्रत्येक आकड्याचे वेटेज लावलेले गुण वेगळ्या रकान्यात काढायचे आणि सर्वांत जास्तमधून सर्वांत कमी वजा करायचे. ज्याचं अंतर मोठं, त्याचा जोर मोठा. वेटेजचा रकाना नंतर बघायचा.

मग लोक म्हणतात, ठीक आहे, सगळं ० ते १०० मध्ये बसवू. सर्वांत चांगल्याला १००, सर्वांत वाईटाला ०, बाकीचे मधे. हे दिसायला न्याय्य आहे आणि आमच्या उदाहरणात निकालही बरा लागतो: फोटो ७०, बाग ५६, विनोदी ३०. पण मेख पुढे आहे. पाऊस लागल्यावर त्याच पत्रकात चौथी जाहिरात आली, आमरसाच्या डब्यांची. तिची ऑर्डर पडली ९०० रुपयांना, क्लिक ०.९ टक्के. तिच्यामुळे खर्चाची पट्टी १८० ते २५० होती ती १८० ते ९०० झाली. एवढ्या लांब पट्टीवर १८०, २०० आणि २५० एकमेकांना चिकटले: १००, ९७ आणि ९०. क्लिकची पट्टी मात्र जागची हलली नाही. नवे स्कोअर: विनोदी ९३, बाग ७४, फोटो ७०. पहिल्या तिघांच्या कामात एका रुपयाचाही फरक नाही, तरी शेवटचा पहिला झाला आणि पहिला तिसरा. डबे वाईट चालले, त्याचा फायदा विनोदी रीलला झाला.

यावर उपाय म्हणजे पट्टीची टोकं आधीच ठरवून टाकायची आणि हंगामभर हलवायची नाहीत. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक असाच चालतो. आयुर्मानाची पट्टी २० ते ८५ वर्षं ठरलेली असते, कुठला देश यादीत आला-गेला तरी ती बदलत नाही. आम्ही खर्चाला १०० ते ४०० रुपये आणि क्लिकला ० ते ३ टक्के अशी टोकं धरून पाहिली: फोटो ६०.३, विनोदी ५९, बाग ५८.७. आता नवीन कुणी आलं तरी या तिघांचे आकडे हलणार नाहीत. पण टोकं आम्हीच निवडली, आणि ४०० ऐवजी ३०० धरले असते तर खर्चाचा जोर वाढला असता. टोकं निवडणं हेसुद्धा वेटेज देणंच आहे, फक्त ते वेटेजच्या रकान्यात दिसत नाही. शिवाय सव्वा-दीड गुणाच्या अंतरावर पहिला-दुसरा ठरवायला मी तयार नाही.

रीच आणि इम्प्रेशन्स हे दोन्ही घेऊन एकच गोष्ट दोनदा मोजणं, स्कोअर आणि क्रमांक यांची गल्लत, या चुका आहेतच, पण त्या लगेच दिसतात. बेरजेची दुसरी खोड मात्र सांगून ठेवतो. बेरजेत एकीकडची खोट दुसरीकडून भरून निघते. साका निघालेल्या, म्हणजे आतून खराब झालेल्या आंब्याला रंगाचे आणि वासाचे पैकीच्या पैकी गुण देऊन कुणी 'सरासरी चांगला' म्हणत नाही, बाजूला काढतो. निर्देशांकवाल्यांनाही हे खटकलं असावं. २०१० पासून ते साध्या सरासरीऐवजी भूमितीय सरासरी काढतात, म्हणजे एका बाजूची पडझड दुसरीकडच्या गुणांनी तितकी सहज झाकली जात नाही.

माझी पद्धत साधी आहे. ऑर्डरमागे २२० रुपयांच्या वर गेलेली जाहिरात आधीच बाद, तिला स्कोअर नाही. उरलेल्यांत स्वस्त ऑर्डर आणेल ती पुढे. क्लिकचं प्रमाण मी बघतो, पण रीलची सुरुवात पकड घेतेय की नाही एवढं कळायला. ते बेरजेत घेत नाही. काकांना रंगीत स्कोअरकार्ड हवंच असतं, मुंबईच्या भाच्याला पाठवायला, म्हणून तेही करून देतो. फक्त त्यात वेटेजशेजारी 'अंतर' नावाचा एक रकाना जास्त असतो, आणि आता भाचा फोन करून आधी तोच विचारतो.