पाककृतींतील मापे : tsp, tbsp, कप आणि ग्रॅम

इंग्रजी पाककृतींत, आणि आता मराठी पाककृतींतही, घटकांचे प्रमाण सांगण्यासाठी वापरली जाणारी लघुरूपे व त्यांमागील मापे. यांत दोन वेगळ्या जाती एकत्र नांदतात. tsp (टीस्पून, चहाचा चमचा), tbsp (टेबलस्पून, मोठा चमचा), कप आणि ml ही आकारमानाची मापे होत. g, kg व oz ही वजनाची. oz च्या आधी fl आले, तर तोच औंस द्रवाचे आकारमान दाखवतो. पाण्याच्या बाबतीत दोन्ही औंस जवळपास सारखे पडतात, त्यामुळे फरक ध्यानात येत नाही. मध किंवा मैदा मोजताना तो उघड होतो.

आज सर्वसाधारणपणे १ tsp म्हणजे ५ मिली, १ tbsp म्हणजे १५ मिली, म्हणजेच तीन छोटे चमचे मिळून एक मोठा. जुन्या अमेरिकी पाककृतींत नुसते t आणि T असतात. लहान अक्षर छोट्या चमच्याचे, मोठे अक्षर मोठ्याचे. Tbs व Tb हीही tbsp चीच रूपे. ब्रिटिश पाककृतींतील dsp हा या दोहोंमधला, सुमारे १० मिलीचा चमचा. ग्रॅमचे प्रमाणित चिन्ह केवळ g आहे. gm व gms ही रूपे आपल्याकडे रूढ असून निरुपद्रवी आहेत, पण gr हे ग्रेन या जुन्या इंग्रजी वजनाचे चिन्ह असून एक ग्रेन जेमतेम ६५ मिलिग्रॅम भरतो.

मराठीत या लघुरूपांचे प्रमाणीकरण झालेले नाही. ‘टिस्पून’ आणि ‘टेस्पून’ ही दोन रूपे शेजारीशेजारी वापरली जातात. पहिले छोट्या चमच्याचे, दुसरे मोठ्याचे. एका मात्रेच्या चुकीने तिखट तिप्पट पडू शकते. नुसता ‘चमचा’ लिहिला असेल, तर मसाल्यांच्या बाबतीत तो बहुधा चहाचा समजावा, तूप-तेलाच्या बाबतीत मात्र आधीच्या ओळी पाहूनच ठरवावे. अपूर्णांकही जपून वाचावे लागतात : 1 1/2 मधली मोकळी जागा नकल करताना गळाली की 11/2 उरते. मिठापुढे साडेपाच चमचे दिसले की चूक पकडता येते, पिठापुढे ती तितकी डोळ्यांत भरत नाही.

तीन चहाचे चमचे मिळून एक मोठा चमचा, हे प्रमाण कोठून आले याविषयी एकमत नाही. इंग्लंडमधील औषधविक्रेत्यांच्या परंपरेत चहाचा चमचा म्हणजे एक द्रव ड्राम, अर्थात द्रव औंसाचा आठवा भाग (सुमारे ३.५ मिली), आणि मोठा चमचा म्हणजे अर्धा औंस. या हिशेबाने मोठ्या चमच्यात तीन नव्हे, चार छोटे चमचे बसतात. एका मतानुसार, चहा महाग होता तोवर पेले व चमचेही लहान होते. अठराव्या शतकात तो स्वस्त होत गेला तसा चमचा मोठा झाला, आणि स्वयंपाकघराने तीनास एक हे प्रमाण स्वीकारले, औषधाच्या दुकानाने मात्र जुनेच चालू ठेवले. हे स्पष्टीकरण सुटसुटीत आहे आणि बहुतेक ठिकाणी तेच दिले जाते. दुसऱ्या मतानुसार, घरगुती चमच्यांचे आकार कधीच एकसारखे नव्हते. तीनास एक हे प्रमाण चमचा वाढल्याने आपोआप ठरले नाही, पाककलेच्या पुस्तकांनी ते सोयीसाठी पक्के केले. एकोणिसाव्या शतकातील औषधशास्त्राच्या ग्रंथांत, घरातला चमचा ड्रामपेक्षा मोठा असतो तेव्हा औषध त्याने मोजू नये, अशा अर्थाच्या सूचना आढळतात. त्यावरून चमचा वाढला होता हे दिसते. तो नेमका कधी व किती वाढला हे त्यावरून ठरत नाही. त्यामुळे दुसरे मत अधिक सावध वाटते.

चारास एक हे प्रमाण आजही पूर्णपणे नाहीसे झालेले नाही. ऑस्ट्रेलियात मोठा चमचा २० मिलीचा, म्हणजे चार छोट्या चमच्यांचा धरतात. ते औषधी परंपरेतूनच आले असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये १५ मिलीचाच चमचा चालतो. ऑस्ट्रेलियन पाककृतीतले ३ tbsp म्हणजे ६० मिली. आपल्या चमच्याने मोजल्यास ते ४५ मिली भरतील. जिलेटिन किंवा कॉर्नफ्लॉवर असेल, तर एवढ्या फरकाने पदार्थ न जमण्याची शक्यता असते.

मापे सपाट भरण्याचा आग्रह अमेरिकेतील फॅनी फार्मर हिच्या नावाशी जोडला जातो. बॉस्टन कुकिंग स्कूलच्या नावाने तिने १८९६ मध्ये काढलेल्या पुस्तकात कप व चमचे सुरीने सपाट करून मोजावेत असा नियम आहे. त्याआधीच्या पाककृतींत ‘अंड्याएवढे लोणी’ किंवा शिगोशीग भरलेला चमचा चालत असे. मोजमापाची शिस्त शिकवण्याचे काम स्वयंपाकाच्या शाळांनी आधीच सुरू केले होते, तेव्हा सगळे श्रेय एकट्या फार्मरला देणे कदाचित योग्य नव्हे. नियम सर्वदूर पोहोचला तो मात्र तिच्यामुळे.

कपाचे आकारमान देशागणिक बदलते. अमेरिकी कप सुमारे २३६.६ मिलीचा आहे. तेथील पोषणमूल्याच्या लेबलांसाठी तो २४० मिली धरतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व कॅनडा येथे २५० मिलीचा कप चालतो. जपानी कप २०० मिलीचा असून भात शिजवण्याच्या विजेच्या कुकरसोबत येणारा तांदळाचा कप त्याहून लहान, सुमारे १८० मिलीचा असतो. भारतात मिळणाऱ्या मापी कपांच्या संचांत २४० व २५० मिली असे दोन्ही प्रकार आहेत, आणि काहींवर आकडाच नसतो. अशा वेळी रिकामा कप काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा, कप काठोकाठ पाण्याने भरावा आणि पाण्याचे वजन पाहावे. जितके ग्रॅम, साधारण तितकेच मिली.

कपाचे ग्रॅम करताना खरी अडचण कपापेक्षा त्यात काय व कसे भरले याची असते. पीठ हे कण आणि त्यांच्यामधली हवा मिळून कप भरते. चाळलेल्या पिठात हवा जास्त. डबा हलवून, ठोकून बसलेल्या पिठात कमी. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप मैदा १२५ ग्रॅम धरलेला आहे, काही बेकिंग तक्ते १२० धरतात. पीठ सैल करून चमच्याने कपात घातले आणि वरून सपाट केले, तर वजन या आकड्यांच्या जवळ राहते. तोच कप डब्यात खुपसून भरला की १४५ ते १५० ग्रॅमपर्यंत जाते. साखर फारशी दाबली जात नसल्याने तिचा कप २०० ग्रॅमच्या आसपास स्थिर राहतो. ब्राउन शुगर मात्र दाबून भरण्याचा संकेत आहे. एका पाककृतीत ‘१ कप चाळलेला मैदा’ आणि दुसरीत ‘१ कप मैदा, चाळून’ असे असेल, तर पहिलीत चाळून मोजायचे आणि दुसरीत मोजून चाळायचे; पहिलीत मैदा कमी भरतो.

उदाहरणादाखल, एका साध्या केकसाठी अमेरिकी पाककृतीत दीड कप मैदा, पाऊण कप साखर आणि अर्धा कप तेल सांगितले आहे असे समजू. तक्त्याप्रमाणे मैदा १८८ ग्रॅम, साखर १५० आणि तेल १०९ ग्रॅम होते. आता हेच २५० मिलीच्या कपाने, मैदा डब्यात खुपसून मोजले, तर मैदा २३८ ग्रॅमच्या घरात जातो. साखर १५९ आणि तेल ११५ ग्रॅमवर थांबते. कप मोठा असल्याने तिन्ही घटक सारख्याच प्रमाणात, सुमारे सहा टक्के वाढले. मैद्याच्या जास्तीच्या ५० ग्रॅमपैकी त्यामुळे आलेले १३ ग्रॅमच. उरलेले ३७ भरण्याच्या पद्धतीचे. मिश्रण चमच्यावरून सलग धारेने न पडता गोळ्याने पडते, भाजताना केक मध्ये फुगून तडकतो आणि गार झाल्यावर कोरडा लागतो. यावर दूध वाढवणे हा रूढ उपाय असला, तरी त्याने साखर व तेलाचे मैद्याशी असलेले प्रमाण सुधारत नाही.

सात कपांच्या वडीत (बेसन, ओले खोबरे, दूध व तूप प्रत्येकी एक कप आणि साखर तीन कप) कप कोणता हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. सगळे एकाच भांड्याने मोजले असल्याने कप लहान असो वा मोठा, परस्परांचे प्रमाण टिकते आणि वड्या कमी-जास्त होतात एवढेच. वाटीने सांगितलेल्या बहुतेक घरगुती पाककृती याच तत्त्वावर चालतात. अंडी, यीस्ट किंवा चमच्याने घालायचा सोडा आला की हा आधार सुटतो, कारण ते वाटीबरोबर वाढत नाहीत. अशी पाककृती ग्रॅममध्ये नेताना बेसनावर विशेष लक्ष ठेवावे. उपरोक्त अमेरिकी तक्ता कपाला ९२ ग्रॅम देतो, इतरत्र १२० ग्रॅमपर्यंतचे आकडे आढळतात, आणि लाडवाचे जाडसर बेसन या दोहोंत मोडेलच असे नाही. स्वतःचा एक कप एकदा तोलून तोच आकडा वापरणे श्रेयस्कर.

चमच्यांच्या मापांत मिठाचा प्रश्न वेगळा आहे. बारीक मिठाचा १ tsp सुमारे ६ ग्रॅम होतो. अमेरिकी पाककृतींतील कोशर मीठ खड्यांचे व पोकळ असते. छापानुसार त्याचा चमचा ३ ते ५ ग्रॅमच भरतो. पाककृतीत कोशर मीठ असून घरातले बारीक मीठ तितकेच चमचे घातले, तर पदार्थ खारट होतो. यीस्ट, सोडा यांसारखे थोड्या मात्रेचे घटक मात्र चमच्यानेच मोजणे बरे, कारण एका ग्रॅमच्या पायऱ्यांनी मोजणारा स्वयंपाकघरातला काटा २-३ ग्रॅमच्या वजनात विश्वसनीय नसतो.

निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही महाराष्ट्रातील जुनी धान्यमापे आकारमानाचीच होत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. औंसाप्रमाणे शेर हे नावही वजन व आकारमान या दोन्हींना होते. वजनी शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅमचा. मापी शेर धान्यागणिक वेगळा तोलला जाई आणि गावोगावी त्याचे मापही सारखे नसे. घरातील जुन्या वहीत ‘एक शेर रवा’ असे आढळल्यास त्याचे थेट ९३३ ग्रॅम करू नयेत. त्याच पाककृतीत तूप व साखरही शेरानेच दिली असल्यास सर्व घटक एकाच मापाने घ्यावेत.