टाइप-सी आहे, मग टीव्हीवर चित्र का येत नाही?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर दहावीचे क्लास चालतात. भिंतीवर 43 इंची टीव्ही आहे. गणिताच्या बाईंना फोनवरची प्रश्नपत्रिका आणि वहीत सोडवलेलं उदाहरण मुलांना मोठं करून दाखवायचं होतं. त्यांनी टाइप-सी ते एचडीएमआय असं अडॅप्टर आणलं, केबल जोडली, रिमोटने सोर्स बदलला. पडद्यावर ‘No Signal’. तेच अडॅप्टर भाचीच्या फोनला लावलं, तर चित्र लगेच आलं.

अडॅप्टर धड होतं आणि बाईंचा फोनही. फरक होता तो पोर्टच्या आतल्या जोडणीत.

थोडा हिशोब करू. फुल एचडी चित्रात 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख ठिपके असतात. एका ठिपक्याच्या रंगाला 24 बिट लागतात आणि चित्र सेकंदाला 60 वेळा बदलतं. गुणाकार जातो 300 कोटी बिटांच्या जवळ, तोही दर सेकंदाला. स्वस्त फोनचं टाइप-सी पोर्ट आतून यूएसबी 2.0 असतं आणि त्याची कागदोपत्री कमाल 48 कोटी बिट. सहापट माल त्यातून जाणार कसा?

त्यासाठी टाइप-सीमध्ये वेगवान तारांच्या वेगळ्या जोड्या ठेवलेल्या आहेत. त्यांतून थेट चित्र पाठवण्याच्या सोयीला ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ म्हणतात. अडॅप्टर खोचताच त्याची आणि फोनची एका वेगळ्या पिनवरून बोलणी होतात. फोनने होकार दिला तर चित्र सुरू होतं, आणि अडॅप्टरमधली चिप त्याचं एचडीएमआय करते. कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये खर्च वाचवायला या जोड्या जोडलेल्याच नसतात. खाच तीच, चार्जिंगही होतं, म्हणून बाहेरून काही कळत नाही. आयफोन 15 पासून पुढे, सॅमसंगच्या एस मालिकेत एस8 पासून आणि पिक्सेल 8 पासून ही सोय आहे. इतर फोनच्या तांत्रिक माहितीत ‘USB 2.0’ एवढंच लिहिलं असेल, तर साधं अडॅप्टर घेऊ नका. ‘USB 3’ दिसलं तरी ‘DisplayPort’ हा शब्द शोधाच, कारण वेग आहे म्हणून चित्र येईलच असं नाही.

बाईंच्या फोनला तारेचा एक मार्ग उरतो, डिस्प्लेलिंक चिपच्या अडॅप्टरचा. त्यात ‘DisplayLink Presenter’ हे ॲप चित्र दाबून लहान करतं, म्हणून ते यूएसबी 2.0 मधूनही जातं. बिनतारी पद्धतीही हेच दाबण्याचं तंत्र वापरतात. आणि दाबायला, पाठवायला, पुन्हा उलगडायला वेळ लागतो, तोच विलंब आपल्याला दिसतो.

तो मोजणं सोपं आहे. फोनवर सेकंदाचे शतांश दाखवणारं स्टॉपवॉच सुरू करून दुसऱ्या फोनने दोन्ही पडद्यांचा एकाच फ्रेममध्ये फोटो घ्या. आकड्यांतला फरक म्हणजे विलंब. पाव सेकंद असेल तर प्रश्नपत्रिका दाखवायला काहीच अडत नाही. स्टायलसने लिहिताना टीव्हीकडे बघाल, तर मात्र हात अडखळतो.

बिनतारीत दोन घराणी आहेत, आणि गफलत तिथेच होते. मिराकास्ट फोन आणि टीव्हीचं थेट नातं जोडतं, राउटर लागत नाही. सॅमसंगच्या फोनवर ते ‘Smart View’मधून चालतं, पिक्सेलमध्ये मात्र नाही. गूगल कास्टला दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर हवीत. शाळेच्या वाय-फायवर अनेकदा उपकरणांना एकमेकांशी बोलूच दिलं जात नाही. मग फोनच्या यादीत टीव्हीचं नावच येत नाही. याउलट नाव दिसतं, जोडणी होते, पण चित्र अडकत अडकत येतं, तेव्हा हवेतली गर्दी तपासा. वर-खाली, शेजारी सगळ्यांचे राउटर. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं जेमतेम तीनच, 1, 6 आणि 11. तुमचा राउटर आणि फोन 5 गिगाहर्ट्झवर टाकले की कास्टला बराच मोकळा रस्ता मिळतो.

टीव्ही साधा असेल तर एचडीएमआयला बिनतारी चित्र झेलणारं छोटं डोंगल लावावं लागतं. त्याला वीज टीव्हीच्या यूएसबीतून दिली आणि ते मध्येच पुन्हा सुरू होऊ लागलं, तर आधी त्याला भिंतीवरच्या चार्जरवर जोडून बघा. टीव्हीच्या त्या पोर्टला कधीकधी पुरेसा करंट देता येत नाही.

बाईंनी शेवटी मिराकास्ट घेतलं, कारण टीव्हीत ते आधीच होतं. वहीवर स्टँडला फोन टांगला आणि कॅमेरा सुरू केला. मुलं टीव्हीकडे बघतात, बाई वहीकडे, त्यामुळे विलंबाचा त्रास नाही. फोन तेवढा आडवा ठेवायचा. 20:9 आकाराचा फोन उभा धरला, तर 1080 ठिपके उंचीच्या टीव्हीवर चित्राला रुंदी मिळते 486 ठिपके, म्हणजे पडद्याचा जेमतेम चौथा भाग. 43 इंची टीव्हीवर ती पट्टी साधारण 24 सेंटिमीटरची, आणि त्यातला वर्गाचा घातांक शेवटच्या बाकावरून कोणालाच वाचता येत नाही. आडवा केला की चित्र पूर्ण रुंदी व्यापतं, वर-खाली थोडी काळी पट्टी राहते इतकंच.