फुल ॲडर : दोन हाफ ॲडर जोडून केलेली रचना

फुल ॲडर म्हणजे एका घरातल्या तीन बिटांची बेरीज करणारे लॉजिक सर्किट. A आणि B हे बेरजेच्या दोन संख्यांचे बिट. तिसरा बिट Cin, म्हणजे उजवीकडच्या घरातून आलेला हातचा. सर्किटातून दोन बिट बाहेर पडतात: त्याच घरात लिहायचा अंक S आणि डावीकडच्या घरात पाठवायचा हातचा Cout. तीन बिटांची बेरीज जास्तीत जास्त ३ होते आणि ३ म्हणजे द्विमानात 11, म्हणून दोन बिट कायम पुरतात.

हाफ ॲडरमध्ये हातचा आत घ्यायची सोय नसते. तो फक्त दोन बिटांची बेरीज करतो. दोन बिट वेगळे असतील तरच 1 देणारे एक्स-ऑर गेट अंक देते आणि दोन्ही 1 असतील तरच 1 देणारे अँड गेट हातचा देते. १९३७ मध्ये बेल लॅब्जमधले जॉर्ज स्टिबिट्झ यांनी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रिले, टॉर्चचे बल्ब आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या जोडून एकेका द्विमान अंकाची बेरीज करणारे यंत्र केले होते. ते ‘मॉडेल के’ या नावाने ओळखले जाते. त्यातला ‘के’ किचनचा. एका अंकापुरते असे सर्किट पुरते, पण अनेक अंकी संख्यांमध्ये दुसऱ्या घरापासून पुढे हातचा येऊ लागतो आणि तिसऱ्या बिटाची सोय करावीच लागते.

ही सोय आपण शाळेत करतो तशीच करता येते. समजा दशकाच्या घरात ८ आणि ७ आहेत आणि एककाच्या घरातून हातचा १ आला आहे. आठ आणि सात पंधरा, पाच राहिले, हातचा एक. त्या पाचात आलेला एक मिळवला की सहा. म्हणजे तीन अंकांची बेरीज दोन पायऱ्यांत झाली. पहिली पायरी पहिल्या हाफ ॲडरची आणि दुसरी दुसऱ्याची. दोन्ही पायऱ्यांना आपापला हातचा निघू शकतो, आणि इथेच प्रश्न उभा राहतो: दोन हातचे एकत्र करायचे कसे? त्यांची पुन्हा बेरीज करायची, तर तिसरा हाफ ॲडर लागेल.

तो लागत नाही, कारण दोन्ही पायऱ्यांत एकाच वेळी हातचा येऊच शकत नाही. दशमानात पाहू. पहिल्या पायरीत जास्तीत जास्त ९ आणि ९ अठरा होतात, म्हणजे हातचा निघाला तर घरात राहणारा अंक ८ पेक्षा मोठा नसतो. त्यात १ मिळवला तरी ९ च होतात, दुसरा हातचा निघत नाही. द्विमानात तर हे आणखी स्पष्ट आहे. पहिला हातचा फक्त 1 आणि 1 च्या बेरजेत निघतो आणि तेव्हा घरात 0 राहतो. 0 मध्ये काहीही मिळवले तरी हातचा निघणार नाही. म्हणून दोन हातच्यांपैकी एखादा आहे का, एवढेच विचारायचे उरते, आणि ते काम एक ऑर गेट करते. दोन हाफ ॲडर आणि एक ऑर गेट ही रचना पाठ करणारे पुष्कळ असतात, पण तिथे ऑर का चालते हे सांगता आले तरच ती रचना खरी समजली असे म्हणावे.

पहिल्या हाफ ॲडरच्या अंकाला P आणि हातच्याला G म्हणू. जोडणी अशी, यात ⊕ म्हणजे एक्स-ऑर, · म्हणजे अँड आणि + म्हणजे बेरीज नसून ऑर:

```
P    = A ⊕ B
G    = A·B
S    = P ⊕ Cin
Cout = G + P·Cin
```

ही सूत्रे जोडणीवरून आली. हीच सूत्रे सत्यता सारणीवरून स्वतंत्रपणे निघतात का, हे पाहणे म्हणजे ‘फुल ॲडरच्या S आणि Cout च्या पदावल्या काढा’ या परीक्षेतल्या प्रश्नाचे उत्तर.

```
A B Cin | S Cout
0 0 0   | 0 0
0 0 1   | 1 0
0 1 0   | 1 0
0 1 1   | 0 1
1 0 0   | 1 0
1 0 1   | 0 1
1 1 0   | 0 1
1 1 1   | 1 1
```

S ज्या चार ओळींत 1 आहे त्या एकत्र लिहू. लिहिण्याच्या सोयीसाठी Cin ला C म्हणू आणि नकारासाठी वर रेघ न देता ' हे चिन्ह वापरू.

```
S = A'B'C + A'BC' + AB'C' + ABC
  = C'(A'B + AB') + C(A'B' + AB)
  = C'(A ⊕ B) + C(A ⊕ B)'
  = A ⊕ B ⊕ C
```

अडखळायची जागा तिसरी ओळ. A'B' + AB हा कंस दोन्ही बिट सारखे असताना 1 होतो, म्हणजे तो एक्स-ऑर नसून एक्स-ऑरचा नकार आहे. घाईत तिथेही A ⊕ B लिहिले, तर (C' + C) बाहेर पडून C च नाहीसा होतो आणि S = A ⊕ B असे उत्तर येते. हातच्याचा परिणामच न दाखवणारे उत्तर दिसले की चूक याच ओळीत शोधावी.

आता Cout.

```
Cout = A'BC + AB'C + ABC' + ABC
     = C(A'B + AB') + AB(C' + C)
     = (A ⊕ B)C + AB
```

हे बरोबर जोडणीवरून मिळालेले G + P·Cin. पण हीच चार पदे के-मॅपवर, म्हणजे पदांच्या जोड्या लावून सूत्र सोपे करायच्या तक्त्यावर मांडली, तर तीन जोड्या पडतात आणि उत्तर AB + BC + CA येते. डिप्लोमाच्या डिजिटल टेक्निक्सच्या वहीत दोन पानांवर ही दोन वेगळी उत्तरे दिसतात आणि कोणते बरोबर, असा संभ्रम होतो. दोन्ही बरोबर आहेत. AB + BC + CA म्हणजे तीन बिटांपैकी निदान दोन 1 आहेत का, असा बहुमताचा प्रश्न. A + B आणि A ⊕ B यांच्यात फरक पडतो तो फक्त A आणि B दोन्ही 1 असताना, आणि त्या वेळी AB हे पद एकट्यानेच उत्तर 1 करून टाकते. म्हणून AB + (A + B)C लिहा किंवा AB + (A ⊕ B)C लिहा, निकाल बदलत नाही. के-मॅपचे उत्तर हातच्यापुरते सुटसुटीत आहे. एक्स-ऑरचे उत्तर घेण्याचे कारण वेगळे: P तर S साठी आधीच तयार असतो, तोच पुन्हा वापरता येतो.

एक बेरीज पूर्ण करून पाहू. ११ म्हणजे 1011 आणि ६ म्हणजे 0110. अगदी उजव्या घरात 1, 0 आणि हातचा 0, म्हणून S = 1, हातचा नाही. दुसऱ्या घरात 1 आणि 1 आहेत. पहिल्या हाफ ॲडरमध्येच G = 1 झाला, P = 0, म्हणून S = 0 आणि हातचा 1. तिसऱ्या घरात 0 आणि 1, इथे G = 0 पण P = 1, त्यामुळे आलेला हातचा दुसऱ्या हाफ ॲडरमधून पुढे गेला आणि S = 0 राहिला. चौथ्या घरात 1 आणि 0, तिथेही तसेच. उत्तर 10001, म्हणजे १७. हातचा दुसऱ्या घरात जन्मला आणि पुढच्या दोन घरांनी तो फक्त पुढे सरकवला. G हा हातचा निर्माण झाल्याची खूण आणि P हा आलेला हातचा पुढे जाऊ देण्याची परवानगी, हा अर्थ या बेरजेत दिसतो.

ब्रेडबोर्डवर ही रचना एक्स-ऑरसाठी ७४८६, अँडसाठी ७४०८ आणि ऑरसाठी ७४३२ अशा तीन आयसींवर जोडतात. तिन्हींमध्ये १४ क्रमांकाच्या पिनला ५ व्होल्ट आणि ७ क्रमांकाच्या पिनला ग्राउंड द्यावे लागते. ७४८६ मध्ये चार गेट असतात आणि त्यांतली दोनच वापरली जातात. दोन्ही हातचे कधीच एकत्र 1 होत नसल्यामुळे ऑरच्या जागी उरलेले एक्स-ऑर लावले तरी उत्तर तेच येते, आणि ७४३२ ची गरजच उरत नाही.

टीटीएल आयसीचा इनपुट मोकळा राहिला, तर गेट त्याला साधारणपणे 1 समजते. प्रयोगात दिसणाऱ्या बऱ्याच विचित्र उत्तरांचे मूळ यात असते. Cin ची वायर सुटली असेल, तर तिन्ही स्विच बंद असतानाही S चा एलईडी पेटतो. Cin = 0 असलेल्या चारही ओळींत S उलटा येतो आणि Cin = 1 च्या चारही ओळी बरोबर येतात. हा नमुना दिसला की बाकीची जोडणी उचकटू नये, आधी तेवढी एक वायर तपासावी.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. P दुसऱ्या हाफ ॲडरच्या एक्स-ऑरला पोहोचला, पण त्याच्या अँडला जोडायचा राहिला. तो इनपुट 1 समजला जातो आणि Cout = AB + Cin होते. S सगळीकडे बरोबर. Cout फक्त एकाच ओळीत, A = 0, B = 0, Cin = 1 असताना, चुकतो. चार-पाच ओळी पाहून वहीवर सही घेतली, तर हा दोष सुटून जातो. आणि ऑरच्या जागी एक्स-ऑर लावलेले असेल, तर तिन्ही इनपुट 1 असतानाही Cout 0 दाखवतो, कारण चुकीच्या जोडणीत दोन्ही हातचे एकत्र 1 होऊ लागतात. आठच ओळी आहेत, आठही पाहाव्यात.

असे चार फुल ॲडर ओळीने लावून एकाचा Cout पुढच्याच्या Cin ला दिला की चार बिटांचा ॲडर होतो. त्याची अडचण वेळेची असते. सगळ्या घरांचे P आणि G एकदमच तयार होतात, कारण त्यांना फक्त A आणि B लागतात. हातचा मात्र घराघरांतून जातो आणि प्रत्येक घरात त्याला एक अँड आणि एक ऑर पार करावे लागते. 1111 मध्ये 0001 मिळवताना उजव्या घरात जन्मलेला हातचा उरलेली तिन्ही घरे ओलांडतो, तोवर डावीकडचा अंक अंतिम नसतो. ३२ बिटांत हीच वाट ३१ घरांची होते.

यावरचा उपाय P आणि G मध्येच आहे. उजवीकडून घरांना 0, 1, 2 असे क्रमांक देऊ आणि त्या-त्या घरात येणाऱ्या हातच्याला C0, C1, C2 म्हणू. पहिल्या घराचा हातचा दुसऱ्या घराच्या सूत्रात घालून कंस सोडवला, तर असे मिळते:

```
C1 = G0 + P0·C0
C2 = G1 + P1·C1
   = G1 + P1·G0 + P1·P0·C0
```

आता C2 ला C1 ची वाट पाहावी लागत नाही. C3 आणि C4 चीही सूत्रे अशीच उलगडतात, पण प्रत्येक पायरीला पदे आणि गेटचे इनपुट वाढत जातात, म्हणून हे साधारण चार-चार घरांच्या गटात करतात. ७४२८३ या चार बिटांच्या ॲडर आयसीमध्ये हातच्याची आतली आखणी अशीच केलेली असते.