गुगल फॅमिली ग्रुपमधून सदस्य कसा काढायचा, गुगल वनचं शेअरिंग कसं थांबवायचं: पात्रता, तयारी आणि पायऱ्या

गुगल वनची, म्हणजे पैसे भरून घेतलेली गुगलची ऑनलाइन साठवणीची जागा घरातल्या सगळ्यांना वाटून दिलेली असते आणि एक दिवस ती वाटणी बदलायची वेळ येते. कुणी स्वतंत्र राहायला जातं, कुणाला स्वतःचा प्लॅन हवा असतो, कधी पैसे भरणाऱ्यालाच प्लॅन नको होतो. बटण दाबायला दोन मिनिटं लागतात, पण चुकीच्या क्रमाने दाबलं तर काढलेल्या माणसाच्या जीमेलवर मेल येणंच बंद होतं. म्हणून इथे बटणांइतकाच भर क्रमावर दिला आहे.

हे कोण करू शकतं?

सदस्य काढायचा किंवा ग्रुप मोडायचा अधिकार फक्त फॅमिली मॅनेजरला असतो, म्हणजे ज्याच्या खात्यावरून ग्रुप तयार झाला त्याला. ग्रुपमध्ये मॅनेजर धरून जास्तीत जास्त सहा जण असतात. पालक म्हणून नेमलेल्या सदस्याला मुलांच्या खात्यांवर देखरेख ठेवता येते, पण मॅनेजरचे सगळे अधिकार त्याच्याकडे येत नाहीत. मोठ्या सदस्याला स्वतःहून ग्रुप सोडता येतो, त्यासाठी मॅनेजरची परवानगी लागत नाही. मॅनेजरला मात्र आपलाच ग्रुप सोडून जाता येत नाही, त्याच्यापुढे ग्रुप डिलीट करण्याचाच पर्याय असतो.

लहान मुलांचं वेगळं आहे. फॅमिली लिंकच्या देखरेखीखाली असलेलं १३ वर्षांखालच्या मुलाचं खातं इतर सदस्यांसारखं ग्रुपमधून काढता येत नाही. काही देशांत ही वयोमर्यादा आणखी वर आहे. असं खातं ग्रुपमध्ये असेल तर ग्रुप डिलीट करण्याचा विचार बाजूला ठेवा आणि खाली दिलेला शेअरिंग थांबवण्याचा मार्ग घ्या. मुलाची देखरेख तशीच चालू राहते.

काय हाताशी हवं?

कागदपत्र एकही लागत नाही. मॅनेजरच्या खात्याचा पासवर्ड पाठ हवा, कारण काढताना तो पुन्हा विचारला जाऊ शकतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर तो फोनही जवळ ठेवा. ज्याला काढायचं आहे त्याला आधी सांगणं तेवढंच गरजेचं आहे, कारण खात्यातली जागा मोकळी करणं किंवा नवा प्लॅन घेणं त्यालाच करावं लागणार आहे. मॅनेजरला दुसऱ्याच्या फाइल्स दिसत नाहीत, कोण किती जागा वापरतो तेवढं दिसतं.

तीन वेगळी बटणं, तीन वेगळे परिणाम

गडबड बहुतेक वेळा इथेच होते. families.google.com वर सदस्याच्या नावावर जाऊन Remove member केलं की तो एकच माणूस ग्रुपबाहेर जातो, आणि तेही लगेच. महिन्याचे पैसे भरलेत म्हणून महिनाअखेरपर्यंत सवलत, असं काही नसतं. दुसरं बटण गुगल वनच्या सेटिंग्जमध्ये फॅमिली सेटिंग्जखाली असतं, Share Google One with family. ते बंद केलं की ग्रुप तसाच राहतो, जागा मात्र सगळ्यांची एकदम जाते, कारण हे बटण पूर्ण ग्रुपसाठी एकच आहे. ‘फक्त भावाचं शेअरिंग बंद’ असं त्यातून करता येत नाही, त्यासाठी भावाला ग्रुपमधूनच काढावं लागतं. तिसरं बटण Delete family group. यात फक्त गुगल वन जात नाही. यूट्यूबचा फॅमिली प्लॅन, प्ले स्टोअरची फॅमिली लायब्ररी, फॅमिली पेमेंट पद्धत, सगळ्यांचं सामायिक कॅलेंडर, अशा ग्रुपला जोडलेल्या सगळ्याच गोष्टी थांबतात. नुसती जागा परत घ्यायची असेल तर हे बटण दाबू नका.

या तिन्हींशिवाय प्लॅनच रद्द करण्याचा मार्ग आहे, Cancel membership. त्याचा फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. प्लॅन रद्द केला तरी भरलेल्या पैशांची मुदत संपेपर्यंत तो साधारणपणे चालू राहतो आणि तोवर घरच्यांची जागाही टिकते. सगळ्यांचंच शेअरिंग संपवायचं असेल तर बटण बंद करून एका क्षणात जागा काढून घेण्यापेक्षा प्लॅन रद्द करणं चांगलं, सगळ्यांना मुदतीपर्यंत तयारीला वेळ मिळतो. फोनवरून नुसतं ॲप काढून टाकल्याने प्लॅन रद्द होत नाही. आयफोनवरून, ॲपलमार्फत पैसे भरले असतील तर तो ॲपलच्या सबस्क्रिप्शन यादीत जाऊन रद्द करावा लागतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा एका ग्रुपमध्ये चौघं आहेत: मॅनेजर असलेली ताई, आई, भाऊ आणि ताईची दहा वर्षांची मुलगी. प्लॅन २०० जीबीचा आहे. ताई स्वतः ७० जीबी वापरते, आई ९, मुलगी ३ आणि भाऊ ६१. भावाला आता वेगळं व्हायचं आहे आणि ताईला लहान प्लॅनवर यायचं आहे.

गुगल प्रत्येक सदस्याची आधी स्वतःची मोफत १५ जीबी वापरतं आणि ती भरल्यावरच वाटून घेतलेल्या जागेला हात घालतं. म्हणजे आई आणि मुलगी ताईच्या प्लॅनमधलं काहीच वापरत नाहीत, दोघींचं स्वतःच्या १५ जीबीत भागतं. भाऊ मात्र ४६ जीबी सामायिक जागेतून घेतो. त्याला काढलं की त्याच्याकडे ६१ जीबीचा डेटा आणि १५ जीबीची जागा उरते.

अशा वेळी फाइल्स लगेच पुसल्या जात नाहीत. पण ड्राइव्हवर नवं काही चढत नाही, फोटोंचा बॅकअप थांबतो, आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे जीमेलवरून मेल जात नाहीत आणि येतही नाहीत. पाठवणाऱ्याकडे मेल परत जाते. बँकेचा किंवा एखाद्या कार्यालयाचा मेल असा परत गेला तर भावाला ते कळतही नाही. खातं दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ मर्यादेबाहेर राहिलं तर मात्र गुगल त्यातला मजकूर काढून टाकू शकतं.

म्हणून काढण्याआधी भावाने ठरवायचं: स्वतःचा प्लॅन घ्यायचा की १५ जीबीत बसायचं. प्लॅन घ्यायचा असेल तर दोघांनी एकाच वेळी ऑनलाइन बसावं. ताईने त्याला काढलं की त्याने लगेच त्याच्या खात्यावरून प्लॅन घ्यावा, म्हणजे मेल अडकण्याचा काळ काही मिनिटांचाच राहील.

१५ जीबीत बसायचं असेल तर त्याला ग्रुपमध्ये असतानाच वेळ द्या. त्याच्या ६१ पैकी ४४ जीबी फोटो-व्हिडिओ, १२ ड्राइव्हवर आणि ५ मेलमध्ये आहेत असं धरू. takeout.google.com वरून फोटोंची प्रत मागवता येते. ती मागवताना डाउनलोड लिंक मेलवर येण्याचा पर्याय निवडावा. ‘ड्राइव्हवर ठेवा’ निवडलं तर ती प्रतही त्याच भरलेल्या जागेत मोजली जाते. लिंकला मुदत असते, तेव्हा ती आली की लगेच उतरवून घ्यावी आणि उघडून पाहावी. मग खात्यातून मूळ फोटो काढायचे. सगळे काढले तरी ड्राइव्ह आणि मेल मिळून १७ जीबी उरतात, म्हणून त्यातलंही दोन जीबीहून जास्त काढावं लागेल. टेकआउटने प्रत घेतली म्हणून मूळ आपोआप जात नाही. फोनवर बॅकअप चालू असेल तर गुगल फोटोजमधून काढलेले फोटो फोनवरूनही जाऊ शकतात, म्हणून प्रत फोनबाहेर, एखाद्या डिस्कवर आधी सुरक्षित असावी.

आणि पुसल्यावरही आकडा तिथेच दिसतो, तेव्हा लोक गोंधळतात. कारण ट्रॅशमधलं सगळं जागेत मोजलं जातं. ड्राइव्हचा ट्रॅश आपोआप रिकामा व्हायला ३० दिवस लागतात, बॅकअप झालेल्या फोटोंचा ६० दिवस. तो हाताने रिकामा करायचा आणि आकडा बदलायला थोडा वेळ द्यायचा. भावाच्या स्टोरेज पानावर १५ पेक्षा कमी आकडा दिसला की तयारी झाली. फोटो ठेवायचेच असतील तर संगणकावर गुगल फोटोजच्या सेटिंग्जमधला Recover storage वापरता येतो, पण त्याने मूळ दर्जाचे फोटो कायमचे लहान होतात. मागे फिरता येत नाही, म्हणून मोठ्या प्रिंटसाठी ठेवलेल्या फोटोंवर हे करू नये.

मग ताईने families.google.com उघडायचं, भावाच्या नावावर जायचं, Remove member दाबून पासवर्ड द्यायचा. भावाला तशी सूचना जाते. लगेच तिने गुगल वनच्या स्टोरेज पानावर सदस्यांचा वापर पाहावा. यादीत भाऊ नसला आणि तिच्या स्वतःच्या ७० जीबीखेरीज दुसऱ्या कुणाचं ओझं नसलं तर २०० वरून १०० जीबीच्या प्लॅनवर यायला हरकत नाही. लहान प्लॅनची निवड चालू मुदत संपल्यावर लागू होते. आधी प्लॅन लहान करून मग माणसं काढायला गेलात तर मधल्या काळात सगळ्यांनाच जागा अपुरी पडण्याची भीती असते, म्हणून क्रम हाच ठेवावा.

भावाच्या ड्राइव्हवरच्या फाइल्स ज्यांना शेअर केल्या होत्या त्यांना त्या दिसतच राहतात. तो भाग फॅमिली ग्रुपशी जोडलेला नाही. फॅमिली लायब्ररीत ताईने टाकलेलं ॲप किंवा पुस्तक मात्र त्याला मिळणार नाही, आणि त्याने विकत घेऊन तिथे ठेवलेलं इतरांना. त्याची स्वतःची खरेदी त्याच्याकडेच राहते.

मॅनेजर बदलायचा असेल तर

मॅनेजरचं पद दुसऱ्याच्या नावावर करण्याचं बटण नाही. जुना ग्रुप मोडून दुसऱ्याने नवा करावा लागतो, आणि एका ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये १२ महिन्यांत एकदाच जाता येतं. त्यामुळे आपण बाहेर काढलेला माणूस उद्याच भलत्या ग्रुपमध्ये शिरला तर त्याची वर्षाची संधी संपते. भावाला पत्नीच्या फॅमिली ग्रुपमध्ये जायचं असेल तर तिच्याकडून आलेलं निमंत्रण पाहूनच ताईने Remove member दाबावं, आणि त्याने मध्ये दुसऱ्या कुठल्याच ग्रुपचं निमंत्रण स्वीकारू नये.