रिपोर्ट नॉर्मल, मग ब्लड कॅन्सर कसा?

आमच्या लालबागच्या इमारतीतल्या मावशींच्या मानेतली गाठ लिम्फोमा या ब्लड कॅन्सरची निघाली, तेव्हा त्यांच्या मुलाने रक्ताचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. हिमोग्लोबिन 12.4, पांढऱ्या पेशी 7,200, प्लेटलेट अडीच लाख. "काका, यात खोट कुठे आहे? आणि डॉक्टर म्हणतात औषध नको, तीन महिन्यांनी या! मागच्या चाळीतल्या पोराला तर लगेच ॲडमिट करून केमो सुरू केली."

त्या नऊ वर्षांच्या मुलाला ल्युकेमिया हा दुसरा ब्लड कॅन्सर झालाय. ऐन पावसाळ्यात ताप आला, हिरड्यांतून रक्त आलं, प्लेटलेट 18,000 वर आल्या. सगळ्यांना डेंग्यू वाटला आणि चार दिवस पपईच्या पानांचा रस पाजण्यात गेले. पण त्याचं हिमोग्लोबिनही 6.2 होतं. डेंग्यूत रक्तातलं पाणी झिरपून रक्त उलट घट्ट होतं, त्यामुळे हिमोग्लोबिन असं कोसळलेलं दिसलं तर दुसरं कारण शोधायलाच हवं. काचपट्टीवर रक्त पसरून पाहिल्यावर अर्धवट वाढलेल्या पेशी दिसल्या. प्लेटलेट जिथे तयार होतात ती जागाच बळकावली गेली असेल, तर कुठल्याही पानाचा रस काय करणार?

ती जागा म्हणजे हाडांच्या पोकळीतली मज्जा. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही तिथेच जन्मतात. या मुलाच्या आजारात एक पांढरी पेशी बालपणातच अडकते. ती मोठी होऊन कामाला लागत नाही, नुसती विभागत राहते आणि मज्जा भरून टाकते. म्हणून फिकेपणा, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाचा ताप एकदमच येतात.

मावशींच्या गाठीची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती विलक्षण वाटते. बी-पेशी ही अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी मज्जेत वाढताना अँटिबॉडीची जनुकं मुद्दाम कापते आणि नव्या क्रमाने जोडते. आपल्याला इतक्या तऱ्हेच्या अँटिबॉडी बनवता येतात त्या यामुळेच. ही कापाकापी 14 व्या गुणसूत्रावर चालते. क्वचित त्याच वेळी 18 वं गुणसूत्रही तुटतं आणि टोकांची अदलाबदल होऊन चुकीचा सांधा बसतो. 18 व्यावरचं BCL2 हे जनुक अँटिबॉडीच्या जनुकाशेजारी जाऊन बसतं. BCL2 पेशीला मरू देत नाही. अँटिबॉडीच्या जनुकाचं बटण बी-पेशीत सतत चालू असतं, त्यामुळे शेजारचं BCL2 देखील चालूच राहतं.

मज्जेत याने काहीच बिघडत नाही. पेशी नीट मोठी होते आणि मान, काख, जांघ इथल्या लसिकाग्रंथींत जाते. तिथे तिची परीक्षा होते. जंतूला नीट चिकटणारी अँटिबॉडी जिला जमली ती जगते, बाकीच्या मरतात. त्यांनी मरावं म्हणूनच तिथे एरवी BCL2 बंद ठेवलेलं असतं. आपली पेशी मात्र नापास होऊनही मरत नाही. निरोगी माणसांच्या रक्तातही असा सांधा असलेल्या पेशी सापडतात. आणखी काही जनुकं बिघडली तरच त्यांचा फॉलिक्युलर लिम्फोमा, म्हणजे मावशींचा आजार, होतो.

गाठ कशी हे आता कळेल. या पेशी झपाट्याने वाढत नाहीत, न मरता साठत जातात. काही मज्जेतही शिरतात, पण बहुधा तिथलं काम बंद पडत नाही, म्हणून रिपोर्ट चांगला येतो. निदान गाठीतूनच करावं लागतं. मावशींना आधी टीबी समजून गोळ्या दिल्या होत्या. सुईने थेंबभर काढलेल्या नमुन्यात पेशी दिसतात, त्यांची मांडणी दिसत नाही. शेवटी अख्खी गाठ काढून तपासली, तेव्हा उलगडा झाला.

उपचारांतला फरकही इथूनच येतो. मुलाच्या पेशी भराभर विभागतात आणि केमो विभागणाऱ्या पेशींनाच गाठते. ती लगेच सुरू करावी लागते, पाठीच्या कण्यातूनही द्यावी लागते, कारण मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी लपतात. सगळं मिळून दोन ते तीन वर्षं चालतं. मावशींच्या संथ पेशी केमोने कमी होतात, पण बहुधा पुन्हा येतात. त्रास नसताना लगेच केमो दिल्याने आयुष्य वाढल्याचं चाचण्यांत दिसलेलं नाही. म्हणून डॉक्टर थांबले. गाठी एकाच भागात असत्या तर रेडिएशन देता आलं असतं. मावशींच्या काखेतही आहेत. सगळे लिम्फोमा असे थांबू देत नाहीत. बर्किट लिम्फोमा काही दिवसांतच वाढलेला दिसतो, त्याला ल्युकेमियाइतकीच घाई लागते.

तीन महिन्यांनी डॉक्टर मावशींच्या गाठी मोजतील, रक्तात एलडीएच हे पेशी मरताना बाहेर पडणारं रसायन वाढलंय का ते पाहतील, रात्री घाम येतो का, वजन उतरलं का, हे विचारतील. एखादीच गाठ एकाएकी फुगली तर तिचा तुकडा पुन्हा तपासतील, कारण हा संथ आजार कधी कधी वेगवान लिम्फोमात बदलतो. मावशींच्या मुलाला मी एवढंच सांगितलं, की दर महिन्याला आईच्या मानेवर बोटं फिरवून बघ आणि तारीख टाकून लिहून ठेव.