लाल ओढणी हिरवी केली तर दंड पण हिरवा का होतो?

मे महिन्यात वेंगुर्ल्याला मामेबहिणीचं लग्न झालं. शालू हिरवा, चुडा हिरवा, आणि त्यावर घ्यायची नेटची ओढणी पण हिरवीच सांगितलेली, पण ती वेळेत आलीच नाही, मग शेजारच्या वहिनीची लाल ओढणी घेऊन काम भागवलं. फोटो मस्त आले, फक्त ती लाल ओढणी नवरीला खटकत राहिली. फोटो एडिटिंग मी करतो म्हणून काम माझ्याकडे आलं, आणि मी पहिल्या दिवशी तेच केलं जे सगळे करतात, ओढणी सिलेक्ट केली आणि ह्यूचा, म्हणजे रंगछटा फिरवायचा, स्लायडर हिरव्यावर नेला. फोटो बघून बाई म्हणते, "काय रे दादा, माका हिरवा भूत करून ठेवलंस?"

बरोबरच होतं तिचं. ओढणीखालचा दंड शेवाळ लागल्यासारखा हिरवा दिसत होता आणि कपाळावर ओढणी आलेली तिथे कुंकू पण हिरवं झालेलं.

आता असं का होतं बघा. नेटची ओढणी म्हणजे धागे आणि भोकं. लांबून फोटो काढला की फोटोतल्या एका ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, कितीतरी धागे आणि कितीतरी भोकं एकत्र मावतात आणि कॅमेरा त्यांची सरासरी नोंदवतो. म्हणजे तो ठिपका ना ओढणीचा आहे ना कातडीचा, दोघांची मिसळ आहे. धाग्यांनी ठिपक्याचा जेवढा भाग झाकला त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ०.४ म्हणजे ४० टक्के ओढणी आणि ६० टक्के दंड. हे नाव १९७० च्या दशकाच्या शेवटी अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी दिलं, आणि १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ यांनी त्यावरचं सगळं गणित नीट मांडलं, आजची बहुतेक लेयरवाली सॉफ्टवेअर त्यावरच चालतात. ह्यूच्या स्लायडरला यातलं काहीच माहीत नसतं, तो मिसळ झालेला अख्खा ठिपका फिरवतो, ओढणीसोबत दंड पण.

आमच्याच फोटोतले आकडे घेतो, जरा गोल करून. प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५, आणि त्या एकेकाला चॅनेल म्हणतात. उघडा दंड लाल २००, हिरवा १५०, निळा १२०. ओढणी जिथे चुरगळून गठ्ठा झालेली, म्हणजे पलीकडचं काही दिसत नाही, तिथे तिचा खरा रंग १९०, ३०, ५०. आणि दंडावरच्या ओढणीचा ठिपका १९६, १०२, ९२. स्लायडरने हाच ठिपका साधारण ९२, १९६, १४४ झाला, चक्क पुदिना.

अल्फा काढायचा तर तो ठिपका उघड्या दंडापासून गठ्ठ्याच्या रंगाकडे किती सरकलाय ते बघायचं. हिरव्या चॅनेलमध्ये दंड १५० आणि ओढणी ३०, अंतर १२०. ठिपका १०२ वर, म्हणजे ४८ सरकला. ४८ भागिले १२०, ०.४. निळ्यात पण ०.४ च येतो. मग लालमध्ये का नाही बघायचं? कारण तिथे दंड २०० आणि ओढणी १९०, अंतर फक्त १०, फोटोतल्या बारीकशा नॉइजने ठिपका दोन अंक इकडेतिकडे झाला तर अल्फा ०.२ नाहीतर ०.६ येईल. लाल कापडाचा हिशोब लाल चॅनेलमध्ये करायचा नाही, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. कातडी आणि कापड जिथे सगळ्यात वेगळं दिसतं तो चॅनेल घ्यायचा.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. ओढणीखालचा दंड नेमका कसा होता, तीळ कुठे, मेंदी कुठे, हे शोधायची गरजच नाही. ठिपक्यात ओढणीचा वाटा ०.४ आहे ना, मग तेवढाच जुना रंग काढून तेवढाच नवा घालायचा, कातडीचे ६० टक्के आहेत तिथेच राहतात:

```
नवा ठिपका = जुना ठिपका + अल्फा × (नवी ओढणी − जुनी ओढणी)
```

नवी ओढणी २०, १२०, ७० धरली. लाल १९६ मधून १७० चे ४० टक्के म्हणजे ६८ गेले, राहिले १२८. हिरव्यात ९० चे ४० टक्के ३६ मिळाले, १३८. निळ्यात ८, झाले १००. हा रंग जरा मातकट हिरवा आहे, एकटा बघितला तर नकोसा वाटेल, पण फोटोत डोळ्याला तो हिरव्या जाळीमागचा दंडच वाटतो.

फोटोशॉपमध्ये मी असं केलं. अल्फाचं राखाडी चित्र, जिथे अल्फा जास्त तिथे जास्त पांढरं, मास्क म्हणून घेतलं, म्हणजे जिथे जेवढं पांढरं तिथे तेवढाच रंग लागतो, काळ्या थरावर त्या मास्कमधून १७०, ०, ० रंग भरला, मग ते दोन्ही मर्ज करून फोटोवर `Subtract` ला ठेवलं. तसंच ०, ९०, २० चा दुसरा थर `Linear Dodge (Add)` ला. आधी मर्ज करायचं हे विसरू नका, नाहीतर ज्या ठिपक्यात लाल १७० पेक्षा कमी आहे तिथे वजाबाकी शून्यावर अडकते आणि मग मास्क लागतो, आणि केसांजवळ रंग चुकतो.

खरा त्रास मास्कमध्येच आहे, कारण अख्ख्या ओढणीला एकच अल्फा नसतो. घडी पडून दोन पदर झाले तर ०.८ होईल असं वाटतं, पण दुसऱ्या पदराला पहिल्याने सोडलेल्या ६० टक्क्यांतलेच ४० टक्के झाकता येतात, म्हणून ०.६४. आमच्या फोटोत खांद्यावरच्या घडीत हिरवा चॅनेल ७३ होता, हिशोबाने बरोबर तेवढाच. अशा घडीची कड मास्कमध्ये पायरीसारखी दिसायला हवी, ब्रशने मऊ केली की ओढणी धुरासारखी दिसते.

सावली त्याहून वाईट फसवते. मांडवाच्या सावलीत सगळे आकडे निम्मे झाले असतील तर तोच ठिपका हिरव्या चॅनेलमध्ये ५१ वर येतो, आणि उन्हातल्या नमुन्यांनी हिशोब केला तर अल्फा ०.८ च्या वर दाखवतो, म्हणजे ओढणी अचानक जाड झाली! दंड आणि गठ्ठा दोन्हींचे नमुने सावलीतूनच घ्यायचे आणि घालायचा-काढायचा रंग पण तिथे निम्मा करायचा.

आणि मग आपल्याकडचा मे. घामाने ओढणी खांद्याला चिकटलेली तिथे ती जास्तच पारदर्शक दिसत होती. कोरड्या कापडात धाग्यांच्या मध्ये हवा असते, धाग्याचा अपवर्तनांक साधारण १.५ आणि हवेचा १, एवढ्या फरकाने प्रकाश विखुरतो आणि कापड दुधाळ दिसतं. घामाचं पाणी १.३३ चं, ते मध्ये शिरलं की फरक कमी, विखुरणं कमी, आणि खालची कातडी जास्त दिसते. तिथला अल्फा वेगळा मोजावा लागला, नाहीतर नेमक्या त्या डागावर हिरवा रंग जास्त पडला असता.

एक गोष्ट या गणितात बसत नाही. उन्हाचा थोडा प्रकाश लाल धाग्यांतून गाळून कातडीवर पडतो, म्हणजे खालची कातडीच आधी लालसर झालेली असते, आणि आपण ती तशीच ठेवतो. नेटमध्ये हे कमी, दाट शिफॉन अंगाला चिकटलेला असेल तर जास्त, आणि मग हिरव्या ओढणीखाली गुलाबी झाक उरते. मी तिथे हाताने थोडी लाली कमी केली, त्याला सूत्र वगैरे काही नाही, नजरेचं काम.

काम जमलं की नाही ते मी कुंकवावर बघतो. हिरव्या जाळीमागे कुंकू मळकं लाल दिसलं पाहिजे, हिरवं झालं तर रंग कातडीवर चढलाय, आणि अगदी उघड्यासारखं लालभडक दिसलं तर मास्कमध्ये तिथे भोक राहिलंय. माझ्या दुसऱ्या फोटोत भोकच राहिलेलं, मीच घाईत कुंकवाभोवती मास्क पुसलेला. ते भरून पाठवला तेव्हा तिचा मेसेज आला, "आता बरा दिसता, पण काठाची जर तेवढी सोनेरीच ठेव हां", आणि जरीचा मास्क काढायला परत बसलो.